नळी की नयी?

नमस्कार श्रोतेहो. फोनवर बोलताना समोरच्यासारखं बोलावंसं कधी वाटतं आणि कधी मुद्दाम वेगळं बोलावंसं वाटतं, त्याबद्दल आज बोलू या. भाषाशास्त्रात पहिल्याला अभिसरण म्हणतात, म्हणजे जवळ सरकणं. दुसऱ्याला अपसरण म्हणतात, म्हणजे दूर सरकणं. जवळ आणि दूर, एवढं ध्यानात ठेवा.

मी काही वर्षं पुण्यात एका फवारणी पंप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर होतो. ऑगस्टमधली गोष्ट. अकोटच्या बाजूच्या एका काकांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, कपाशीवर अयी पडली अन् नयी फुटली. मले आजच पाह्यजे."

मी पुण्यात वाढलेला. वऱ्हाडात 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा तो डोया, अळी ती अयी. हे मला वाचून ठाऊक होतं, पण फोनवर कानाला ओळखता आलं नाही. 'अयी' माझ्या डोक्यावरून गेली आणि 'नयी' मी हिंदीतली नई समजलो. विचारलं, "काका, नवीन पंप फुटला का?"

ते क्षणभर थांबले. मग सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं बोलू लागले. "मले"चं "मला" झालं, "हाये"चं "आहे" झालं. ते माझ्याकडे सरकले. पण सरकताना त्यांचं बोलणं आटलं. अळी किती पडलीय, पंप किती जुना आहे, काहीच आलं नाही. मी पुन्हा "नवीन पंप ना?" म्हटलं आणि ते म्हणाले, "हो, बरोबर आहे." मी तसंच लिहून घेतलं. चार दिवसांनी आमचा माणूस वॉरंटीचे कागद घेऊन शेतावर पोचला, तर पंप तीन वर्षांचा आणि त्याची नुसती नळी फाटलेली! तोवर अळी बोंडात शिरली होती.

संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन. या वेळी "आहे" नाही आणि "मला" नाही. "मी मले म्हणीन, तुमी मला म्हना! नयी म्हंजे नयी! जिच्यातून दवा निंघते थे! दोन्ही टोकांले पितयेच्या चकत्या असते!" एकेका शब्दावर वऱ्हाडी ठसा जाणूनबुजून दिलेला. हे झालं अपसरण, दूर सरकणं. जवळ सरकले तेव्हा मला काही कळलं नाही, दूर गेले तेव्हा नळी, तिचं काम, तिच्या पितळी चकत्या, सगळं कळलं.

असंच ब्रिटनमधल्या वेल्समध्ये दिसलं होतं. बुऱ्ही आणि गाइल्स या भाषेच्या अभ्यासकांचा 1977 सालचा प्रयोग आहे. तिथली वेल्श भाषा शिकणाऱ्या प्रौढांना प्रतिष्ठित इंग्रजी उच्चारातला एक आवाज प्रश्न विचारत होता. मध्येच त्या आवाजाने वेल्शला मरणपंथाला लागलेली भाषा म्हटलं. त्यानंतर बऱ्याच जणांच्या इंग्रजीतला वेल्श ठसा वाढला, काहींनी उत्तरात वेल्श शब्दच घातले. आणि भाषाशास्त्रज्ञ कूपलंड यांनी वेल्समधल्याच कार्डिफ शहरात, एका ट्रॅव्हल एजन्सीत नोंदवलं, की तिथली कर्मचारी गिऱ्हाईक बघून आपले उच्चार बदलते. म्हणजे दुकानात विकणारी सरकते. आमच्या मराठी फोनवर मात्र पैसे देणाराच सरकतो, कारण पुण्याच्या बोलीला आपण 'शुद्ध' म्हणून बसलोय. हा शब्द मला फार खटकतो.

 

तर काका. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने फोन घेतला आणि आपुलकीने "नयी पाठवतो हो काका" म्हटलं. काका एकदम गप्प. त्याला वाटत होतं आपण जवळ गेलो, काकांना वाटलं हा चिडवतोय. एवढं सरकलं की ते नक्कल वाटतं. शब्द घ्यावा, उच्चार घेऊ नये. मी फोन परत घेतला आणि माझ्याच आवाजात विचारलं, "काका, दवा निघते ती नळी ना? लांबी किती?" माझा 'ळ' तसाच राहिला, 'औषधा'ऐवजी 'दवा' तेवढा त्यांचा घेतला. ते म्हणाले, "हां, थेच. सव्वा मीटर असन." मग पंपाचं मॉडेल सांगितलं आणि कपाशीबद्दलही बोलले, न विचारता.

नळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोटला गेली.