सरासरी ऑर्डर वाढली, मग पैसे कुठे गेले?

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण पुण्यातून मसाले, पिठं, फराळ ऑनलाइन विकतात, तेव्हा उदाहरणही तेच घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत असे ठरवलेत. घरी गेल्यावर त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा, कोथरूडमधलं एक दुकान आहे. महिन्याला १,००० ऑर्डर आणि ५,१२,००० रुपयांची विक्री. भागाकार केला की ५१२ रुपये. ही सरासरी ऑर्डर, म्हणजे डॅशबोर्डवरचा एओव्ही. मालावर मार्जिन ४० टक्के. कुरिअरचे ६० रुपये गिऱ्हाईक वेगळे देतं, म्हणजे तिथे ना नफा ना तोटा. महिन्याला हाती उरतात २,०४,८००.

आता या हजार ऑर्डर रकमेप्रमाणे लावून बघा. ४०० ऑर्डर चारशेच्या आतल्या, सरासरी ३०० रुपयांच्या. ४०० ऑर्डर चारशे ते ५९८ मधल्या, सरासरी ४८०. उरलेल्या २०० त्याच्या वरच्या, सरासरी हजाराच्या. ५१२ हा आकडा बहुतेक ऑर्डरींच्या वरच बसलाय, कारण मोठ्या ऑर्डरी त्याला ओढून वर नेतात. रांगेच्या बरोबर मधली, पाचशेवी ऑर्डर ही चारशेच्या थोडीच पुढे असणार. कोणतीही योजना ठरवताना ही मधली ऑर्डर आधी बघायची.

दुकानदार म्हणाला, ‘५९९ च्या वर डिलिव्हरी फ्री.’ मधल्या गटातल्या १२० जणांनी कार्टमध्ये एखादं पाकीट वाढवलं आणि ४८० वरून ६४० वर गेले. प्रत्येकी १६० रुपये जास्त, म्हणजे विक्री १९,२०० नं वाढली. एओव्ही ५१२ चा ५३१ झाला. दुकानदार खूश.

कुरिअरचं बिल मात्र बघा. फ्री डिलिव्हरी या १२० जणांना मिळाली, आणि आधीपासूनच ५९९ च्या वर घेणाऱ्या २०० जणांनाही. ३२० गुणिले ६० म्हणजे १९,२००. जेवढी विक्री वाढली, तेवढंच कुरिअरला गेलं. वाढलेल्या मालाची किंमत, म्हणजे ६० टक्के, ११,५२० रुपये, ही खिशातून गेली.

हे दोन गट वेगळे करून बघितले की खरी गोष्ट कळते. वर सरकलेल्या माणसाकडून १६० वर ६४ रुपये मार्जिन आलं आणि ६० कुरिअरला गेले. उरले ४. एकशेवीस जणांचे मिळून ४८० रुपये. उलट ते दोनशे जण कालही हजाराचं घेत होते, आजही हजाराचंच घेतात. त्यांना आपण १२,००० रुपये उगाच वाटले. त्यांनी मागितलेही नव्हते.

याचा अर्थ फ्री डिलिव्हरी नेहमी तोट्यातच जाते, असा नाही. अट बघून नवी गिऱ्हाइकं आली तर चित्र बदलतं. ६४० ची नवीन ऑर्डर आली की २५६ मार्जिनमधून ६० जाऊन १९६ उरतात. ११,५२० चा खड्डा भरायला अशा ५९ ऑर्डर जास्तीच्या हव्यात. प्रश्न एवढाच, की त्या आल्या का. एओव्ही याचं उत्तर देत नाही.

उलट तो फसवतोही. तीनशेचं घ्यायला आलेल्या माणसाला ‘अजून २९९ चं घ्या’ अशी पट्टी दिसली. आपलं पुणेकर गिऱ्हाईक अशा वेळी मान डोलावत नाही, हिशेब करतं आणि ‘मग नंतर बघू’ म्हणून निघून जातं. समजा, लहान ऑर्डरींपैकी १०० गेल्या. आता विक्री ५,०१,२०० आणि ऑर्डर ९००. एओव्ही किती? ५५७! स्क्रीनवर ४५ रुपयांची वाढ आणि हाती उरले १,८१,२८०. आधीपेक्षा २३,५२० कमी.

आणखी एक गंमत. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीनं दिवाळीभेटीची २५,००० ची एकच ऑर्डर दिली, तर मूळचा ५१२ चा आकडा त्या एका ऑर्डरीनं २४ रुपयांनी वर जातो. आपल्या सगळ्या योजनेनं तो १९ नं वाढला होता. म्हणून घाऊक ऑर्डरी वेगळ्या काढायच्या. तसंच ‘आधी आणि नंतर’ची तुलना जपून करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, आणि लगेच पुढे दिवाळी होती. कुणी किंमत उतरवली असेल, तर त्या महिन्यात एओव्ही योजनेमुळे हलला, करामुळे हलला की फराळामुळे, हे आधीच्या महिन्याशी ताडून कळणं शक्य नाही.

माणूस कार्ट कशानं भरतो, हेही बघा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ५,००० नं भागतात. चकल्या मोडू नयेत म्हणून ३० × २० × १५ चा खोका घेतला, की आत पाऊण किलो असलं तरी बिल १.८ किलोचं, म्हणजे व्यवहारात दोन किलोचं लागतं. मग साठाच्या कुरिअरचा हिशेब कोलमडतो आणि ते चार रुपयेही जातात. त्याऐवजी ‘थोडंच कमी पडतंय’ म्हणताना मेतकूट किंवा गोडा मसाला दाखवा. पाकीट लहान, खोका तोच. त्यावर मार्जिन ६० टक्के असेल तर १६० वर ९६ येतात आणि कुरिअर जाऊन ३६ उरतात.

कॉम्बोचंही असंच. भाजणी १८०, गोडा मसाला १५०, मेतकूट १२०, एकूण ४५०. संच ४१० ला. ४० टक्के मार्जिननं सुटे घेतले तर १८० उरतात, संचात १४०. जो फक्त भाजणी घेणार होता, त्याच्याकडून ७२ ऐवजी १४० मिळाले, ६८ चा फायदा. जो तिन्ही घेणारच होता, त्याच्यामागे ४० चा तोटा. म्हणून जुन्या ऑर्डरी उघडून तिन्ही एकत्र किती वेळा गेलेत ते मोजा. ‘लोक हे सोबत घेतात’ म्हणून संच करायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो उलटा वाटतो. सवलत द्यायची तर ज्या वस्तू एका स्वयंपाकात लागतात, पण लोक एकत्र घेत नाहीत, त्यांवर द्या.

सरसकट १० टक्के कूपनबद्दल फार बोलत नाही. ४० चं मार्जिन ३० वर येतं, आणि तेवढेच पैसे हाती यायला ३३ टक्के जास्त माल विकावा लागतो. एवढा विकला जातो का, ते तुमचं तुम्हाला माहीत.

तपासायचं कसं? साइटवर येणाऱ्यांचे दोन भाग करा. निम्म्यांना अट दाखवा, निम्म्यांना नाही. एकदा ज्याला जे दाखवलं, त्याला महिनाभर तेच दिसू द्या, म्हणजे पगाराचा आठवडाही येतो आणि शेवटचा कडकीचाही. दिवाळीचा महिना टाळा. शेवटी दर शंभर भेटींमागे माल, कुरिअर आणि सवलत वजा जाऊन किती रुपये उरले, ते दोन्ही बाजूंचं लिहा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या ऑर्डरी त्यातून काढा, त्यांचा दोन्ही वेळचा कुरिअर खर्च मात्र धरा. आणि पिनकोड ४११ नं सुरू होणारे वेगळे मोजा. शहरातलं कुरिअर स्वस्त पडतं, त्यामुळे पुण्यासाठी अट वेगळी आणि नागपूर-नांदेडसाठी वेगळी निघू शकते.