‘मोअर’ खोडण्याआधी

(अनुवाद आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

परवा ओळखीतल्या एका मुलाने नोकरीसाठीचा इंग्रजी अर्ज माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात लिहिलं होतं, ‘आय ऍम मोअर फास्टर इन टायपिंग.’ पुढे ‘माय मोस्ट बेस्ट सब्जेक्ट इज अकाउंट्स.’ मी लाल पेन उचललं आणि सवयीने प्रत्येक ‘मोअर’वर काट मारत सुटलो. पाचव्या-सहाव्या काटेला थांबलो, कारण मी एका बरोबर वाक्याचा जीव घेतला होता. आज बोलायचंय ते त्या काटेबद्दल.

आधी ही दुहेरी तुलना का होते, ते बघू. मराठीत तुलना विशेषणाच्या बाहेर राहते. ‘हा रस्ता त्या रस्त्यापेक्षा लांब आहे.’ ‘लांब’ला काहीच होत नाही, सगळं काम ‘पेक्षा’ करतं. फार तर मध्ये ‘जास्त’ येतो. इंग्रजीत मात्र लहान विशेषणाच्या पोटातच तुलना शिरते: फास्ट, फास्टर. आपण शाळेत ‘गुड-बेटर-बेस्ट’ पाढ्यासारखं म्हणतो खरं, पण लिहायला बसल्यावर ‘जास्त चांगलं’ हे डोक्यात आधी येतं. मग ‘जास्त’चा ‘मोअर’ होतो, ‘चांगलं’चा ‘बेटर’ होतो, आणि तुलना दोनदा केली जाते.

हे फक्त आपलंच होतं असं मात्र नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी म्हणतो, ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल.’ त्याच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये तर चक्क ‘मोअर बेटर’ आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘मोस्ट स्ट्रेटेस्ट सेक्ट’ असा प्रयोग सापडतो. त्या काळी जोर देण्यासाठी असं बोलत आणि लिहीतही. पुढे अठराव्या शतकात व्याकरणकारांनी याला अशुद्ध ठरवलं. रॉबर्ट लाउथच्या 1762च्या व्याकरणात ही दुहेरी रूपं अयोग्य म्हणून येतात. तेव्हा कुणी शेक्सपिअरचा दाखला दिला तर दाखला खरा आहे, पण तो आजच्या अर्जाला लागू पडत नाही.

आता तपासणी. अर्ज मजकूर-फाइल म्हणून जपला आणि टर्मिनलमध्ये ही एक ओळ चालवली:

```
grep -noiE '\b(more|most) [a-z]+(er|est)\b' arj.txt
```

‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’, त्याला लागून एक शब्द, आणि त्या शब्दाच्या शेवटी ‘-अर’ किंवा ‘-एस्ट’: असं जिथे असेल तिथला ओळीचा क्रमांक आणि तेवढे दोन शब्द दाखव, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना हे नको त्यांनी वर्डमध्ये ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ शोधून एकेक डोळ्यांखालून घालावा. वेळ जास्त जातो, काम तेच होतं. मला हे मिळालं:

```
3:more faster
5:more eager
6:most honest
8:most best
11:more younger
```

पाच सापडले, पण त्यातल्या सगळ्याच चुका नाहीत. ‘ईगर’मधला ‘-अर’ हा प्रत्यय नाही, तो शब्दाचाच भाग आहे. ‘ऑनेस्ट’चंही तसंच. शेपूट कापून बघायचं: ‘फास्टर’चं शेपूट कापलं की ‘फास्ट’ हे विशेषण उरतं, म्हणजे तुलना आधीच झालेली आहे. ‘ईगर’चं कापलं तर काहीच उरत नाही, म्हणून तिथे ‘मोअर’ हवाच. दोन ठिकाणी ही युक्ती फसते. ‘टेंडर’चं शेपूट कापलं की ‘टेंड’ उरतो, पण ते क्रियापद आहे, विशेषण नाही. म्हणजे ‘मोअर टेंडर’ बिनघोर लिहा. उलट ‘बेटर’चं शेपूट कापून हाती काही लागत नाही, तरी तो तुलनेचाच शब्द. बेटर, बेस्ट, वर्स, वर्स्ट, लेस ही मंडळी पाठच हवीत. आणि शंका आलीच तर शब्दकोश उघडा. चांगल्या शब्दकोशात विशेषणाच्या नोंदीतच ‘फास्टर, फास्टेस्ट’ अशी रूपं दिलेली असतात. ‘क्लेव्हर’सारख्या काही शब्दांना ‘क्लेव्हरर’ आणि ‘मोअर क्लेव्हर’ दोन्ही चालतात. दोन्ही एकदम मात्र नाही.

‘मोअर’ खोडायचा हेही नेहमी पुरेसं नसतं. त्या मुलाला ‘फास्टर’ एवढंच म्हणायचं नव्हतं, इतरांपेक्षा बराच जलद आहे असं म्हणायचं होतं. तो जोर इंग्रजीत ‘मच फास्टर’ किंवा ‘फार फास्टर’ने येतो. ‘मच बेस्ट’ मात्र चालत नाही. तिथे ‘बाय फार द बेस्ट’ म्हणतात. मुद्रितशोधकाने नुसता ‘मोअर’ काढला तर वाक्य शुद्ध होतं, पण लेखकाचा जोर मात्र गळतो.

आता अकरावी ओळ, माझी जिरवणारी. वाक्य होतं, ‘युअर ऑफिस नीड्स मोअर यंगर पीपल.’ मी ‘मोअर’ खोडला होता. मग विचारल्यावर कळलं, त्याला म्हणायचं होतं की तरुण मंडळी सध्या दोनच आहेत, आणखी हवीत. म्हणजे हा ‘मोअर’ ‘यंगर’ला चिकटलेला नाही, तो ‘पीपल’ मोजतोय! असंच ‘मोस्ट फास्टेस्ट-ग्रोइंग सिटीज’चा अर्थ ‘सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरांपैकी बहुतेक’ असा होऊ शकतो. ओळखायचं कसं? पुढे अनेकवचनी नाम असेल तर ‘मोअर’च्या जागी ‘आणखी’ आणि ‘मोस्ट’च्या जागी ‘बहुतेक’ घालून वाक्य मराठीत म्हणून बघा. अर्थ लागला तर पेन खाली ठेवा आणि लेखकाला विचारा. आम्ही शेवटी ‘अ फ्यू मोअर यंग पीपल’ केलं, कुणाचाच गोंधळ नको.

आणि वरच्या आज्ञेतून एक चूक निसटलीच. नवव्या ओळीत ‘माय हिंदी इज मोअर वर्स’ होतं. (अर्जात असं लिहिण्याची गरज काय, हा वेगळा प्रश्न.) ‘वर्स’च्या शेवटी ‘-अर’ नाही, म्हणून यंत्राला तो दिसला नाही. दोन शब्दांच्या मध्ये ओळ तुटली तरी निसटतं. ‘वर्स’, ‘वर्स्ट’, ‘लेस’ यांचा शोध वेगळाच घ्यावा.

गूगलवर अवतरणचिन्हांत टाकून ‘इतके निकाल आले, म्हणजे बरोबर’ असं मानणारे बरेच आहेत. शोधयंत्र विरामचिन्हांकडे सहसा बघत नाही. ‘वी नीड मोअर, बेटर टीचर्स’ यातला स्वल्पविराम गळतो आणि हे बरोबर वाक्य तुमच्या चुकीचा पुरावा बनतं. शिवाय ‘मोअर बेटर लिहू नका’ असं सांगणारी पानंही त्याच निकालांत मोजली जातात. निकाल उघडून पाच-दहा वाक्यं वाचल्याशिवाय आकड्याला काही किंमत नाही.

शेवटी श्रोत्यांतून एकांनी विचारलं, मग आपण ‘श्रेष्ठतम’ म्हणतो ते? प्रश्न नेमका होता. ‘श्रेष्ठ’मधला ‘इष्ठ’ हाच ‘सर्वांत’ सांगणारा प्रत्यय. पाणिनी ‘तम’ आणि ‘इष्ठ’ एकाच सूत्रात सांगतो. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. इंग्रजीतही ‘लेसर’ हा ‘लेस’वर पुन्हा ‘-अर’ चढवून झालेला शब्द. सॅम्युएल जॉन्सनने 1755च्या कोशात त्याला रानटी अपभ्रंश म्हटलं, आणि आज ‘द लेसर ईव्हिल’ लिहिताना कुणाचीही भुवई उंचावत नाही. ‘मोअर फास्टर’चं तसं झालेलं नाही, म्हणून त्या मुलाच्या अर्जातून तो गेला.