जमिनीतलं सोनं आधीच विकलं, तर

सोन्याच्या खाणीला एक सोय असते, ती धातूच्या इतर खाणींना तितकीशी नसते. सोनं जगभर तिजोऱ्यांत पडून आहे, ते उसनं मिळतं. त्यामुळे जे सोनं अजून जमिनीखाली आहे, ते आजच विकून टाकण्याची सोय खाणवाल्याला असते. या सोयीचं नाव वायदा विक्री. नव्वदच्या दशकात जगातल्या बहुतेक मोठ्या खाणींनी ती भरभरून वापरली आणि आज त्यातल्या बऱ्याच जणी तिच्याकडे फिरकत नाहीत. असं का झालं, ते आज पाहू.

आधी सौद्याची रचना. समजा हाजर भाव औंसाला 300 डॉलर आहे. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून जरासा जास्त. खाण सोन्याचे घाऊक सौदे करणाऱ्या बुलियन बँकेला सांगते, वर्षभराने मी 1 लाख औंस देईन, आजच भाव ठरवा. बँक तो भाव अंदाजाने ठरवत नाही. ती एखाद्या मध्यवर्ती बँकेकडून 1 लाख औंस उसने घेते, ते बाजारात 300 ने विकून टाकते आणि आलेले 3 कोटी डॉलर व्याजावर लावते. व्याज 5 टक्के मिळतं, उसन्या सोन्याचं भाडं, ज्याला लीज रेट म्हणतात, ते 1 टक्का द्यावं लागतं. उरले 4 टक्के. म्हणून खाणीला वर्षानंतरचा भाव 312 मिळतो, अर्थात बँकेचा नफा त्यातून वजा. वर्ष संपलं की खाण सोनं देते, बँक तेच सोनं मध्यवर्ती बँकेला परत करते आणि पैसे खाणीला देते. पाच वर्षांनंतरचा सौदा केला, तर याच दराने भाव 365 च्या आसपास जातो. आपल्याकडचे सराफ बँकेकडून ‘गोल्ड मेटल लोन’ घेतात, त्यातही सोनंच उसनं मिळतं. ते सराफ दागिने घडवायला वापरतो, इथे ते लगेच विकलं जातं, एवढाच फरक.

खाणीला यात काय दिसायचं? भाव घसरत असताना आजच्यापेक्षा चढा भाव हातात. ब्रिटनच्या अर्थखात्याने मे 1999 मध्ये आपल्या साठ्यातलं 400 टनांच्या आसपास सोनं विकायचं जाहीर केलं आणि जुलैत भाव 255 डॉलरच्या खाली आला. ज्यांनी आधी वायदा विकला होता, ते तेव्हा शहाणे ठरले. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. या प्रत्येक सौद्यामागे आज बाजारात विकलेलं खरं सोनं होतं. भाव पडेल या भीतीने खाणी विकत होत्या आणि त्या विक्रीनेच भाव आणखी दबत होता.

आता घानामधली अशांती गोल्डफील्ड्स घ्या. ओबुआसीची मोठी खाण हिचीच. वर्षाचं उत्पादन साधारण 15 लाख औंस, आणि वायद्यांत गुंतलेलं सोनं जवळपास 1 कोटी औंस, म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळाचं उत्पादन. त्यात नुसते साधे वायदे नव्हते. कॉल ऑप्शन विकलेले होते. ते विकून आज प्रीमियम मिळतो, पण भाव ठरावीक आकड्याच्या वर गेला की त्या आकड्यालाच सोनं द्यायची बांधिलकी येते. शिवाय काही सौद्यांत लीज रेट बांधलेला नव्हता. मध्यवर्ती बँका सोनं थोड्या महिन्यांसाठी देतात, खाणीचे वायदे मात्र वर्षानुवर्षांचे. मधल्या काळात भाडं वाढलं तर ते कोण सोसणार, हे सौद्यातच लिहिलेलं असतं, आणि इथे ते खाणीच्या माथी होतं.

26 सप्टेंबर 1999 ला वॉशिंग्टनमध्ये युरोपातल्या 15 मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलं, की पुढची पाच वर्षं आम्ही मिळून वर्षाला 400 टनांहून जास्त सोनं विकणार नाही आणि उसनं देणंही वाढवणार नाही. दोन आठवड्यांच्या आत भाव 270 च्या आसपासवरून 325 च्या वर गेला. लीज रेट एक-दोन टक्क्यांवरून 9 टक्क्यांपर्यंत उसळला.

खाणीच्या मालकाला सोनं महाग झालं तर आनंद व्हायला हवा. अशांतीवर मात्र संकट आलं. बाजारभावाने मोजलं तर तिच्या वायद्यांचा हिशेब सुमारे 57 कोटी डॉलर तोट्यात गेला. बँकांशी करार असा, की 30 कोटींपर्यंतचा तोटा विनातारण चालेल, त्यापुढच्या तोट्याइतकं तारण, म्हणजे मार्जिन, भरा. म्हणजे 27 कोटी रोख, आणि लगेच. कंपनीकडे सोनं भरपूर होतं, पण ते शेकडो मीटर खाली खडकात, आणि ते वर यायला वर्षं लागणार. शेवटी बँकांनी तीन वर्षं मार्जिन मागायचं नाही असं कबूल केलं, बदल्यात कंपनीच्या 15 टक्क्यांपर्यंतच्या शेअर्सवर हक्क घेतला. 2004 मध्ये अशांती अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली.

उलटी चूकही होते. वायदा केला आणि खाणीतून ठरल्याइतकं सोनं निघालंच नाही, तर ते बाजारातून चढ्या भावाने घेऊन द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियातली सन्स ऑफ ग्वालिया ऑगस्ट 2004 मध्ये अशीच बुडाली. वायद्यांचं देणं फेडायला पुरेसं सोनं तिच्या साठ्यात नव्हतं.

मग भाव चढतच गेला. बॅरिक ही कॅनडातली कंपनी वायदा विक्रीत सर्वांत तरबेज मानली जायची, आणि तिच्या बँकांनी तिला मार्जिनची सूटही दिलेली होती. तरी सप्टेंबर 2009 मध्ये, भाव 1000 डॉलरच्या आसपास असताना, तिने वायदे मोडायचं ठरवलं. त्यापोटी 560 कोटी डॉलरचा तोटा पुस्तकात घेतला आणि 400 कोटींचे नवे शेअर विकले. अँग्लोगोल्ड अशांतीने पुढच्याच वर्षी आपले उरलेले वायदे संपवले.

आज बिनहेज, म्हणजे वायदे न करता, राहण्यामागे भागधारकांचा दबाव हे मोठं कारण आहे. सोन्याच्या कंपनीचा शेअर घेणारा सोन्याचा भाव वाढेल म्हणूनच तो घेतो, आणि कंपनीने ती वाढ आधीच विकून टाकली तर त्याने शेअर का ठेवावा? दुसरं कारण गणिताचं होतं. 2009 नंतर बरीच वर्षं व्याजदर शून्याजवळ होते आणि वायद्यात मिळणारा तो वरचा 4 टक्क्यांचा भाग तेव्हा जवळजवळ नाहीसा झाला होता. तिसरं, खर्च. डिझेल, स्फोटकं, मजुरी यांचे दर सोन्याबरोबर वाढले, तर बांधलेल्या भावात खर्च भागत नाही.

बिनहेज राहणं फुकट नाही, हेही सांगायला हवं. 2013 मध्ये भाव 1700 च्या आसपासवरून 1200 पर्यंत आला आणि त्याच बॅरिकला कर्ज हलकं करायला पुन्हा 300 कोटींचे शेअर विकावे लागले. तरी मोठ्या कंपन्या वायद्यांकडे वळल्या नाहीत. त्यांनी कर्ज कमी केलं, कारण भाव पडल्यावर खाण मरते ती बहुधा हप्ते थकल्याने.

वायदे आज टिकून आहेत ते मुख्यतः नव्या खाणींत. एकच खाण, बांधकामाचं कर्ज, हातात दुसरं उत्पन्न नाही. तिथे कर्ज देणारी बँकच अट घालते, की फेडीच्या वर्षांतल्या उत्पादनाचा काही भाग विकून ठेवा. अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला, तर हेजिंगच्या टिपेत तीन गोष्टी शोधा: विकलेले औंस साठ्याच्या किती टक्के आहेत, भाव वाढल्यास मार्जिन द्यायचं आहे का, आणि विकलेल्या कॉल ऑप्शनचे औंस त्याच आकड्यात धरले आहेत की वेगळ्या ओळीत टाकले आहेत.