तीन पट होणारी चूक: रिंग, चकती आणि उतरती फळी

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल. दीड मीटरहून थोडी लांब प्लायची फळी, एका टोकाखाली लाकडी ठोकळे. वरच्या टोकाला एक लोखंडी चकती आणि एक लोखंडी रिंग, दोन्ही एका आडव्या पट्टीला टेकून उभ्या.]

निवेदन:
पट्टी सरकली की दोन्ही एकदम घरंगळायला लागतात आणि चकती आधी पोहोचते. वजन बदला, व्यास बदला, निकाल तोच. कारण उतारावर मिळणारी ऊर्जा दोन कामांत वाटली जाते, पुढे जाण्यात आणि स्वतःभोवती फिरण्यात. रिंगचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून तिला फिरवायलाच जास्त ऊर्जा खर्ची पडते.

हा वाटा एका आकड्यात सांगता येतो. वस्तू फिरवायला किती जड जाते हे सांगणाऱ्या जडत्व आघूर्णाला वस्तुमान आणि त्रिज्येच्या वर्गाने भागलं की जे उरतं, त्याला आपण k म्हणू. भरीव चकतीसाठी k असतो ०.५, अतिशय पातळ रिंगसाठी १. प्रयोग हा k मोजण्यासाठी आहे. शर्यत कोण जिंकतं ते पाहायला घड्याळही लागत नाही.

[पडद्यावर सूत्र]

```
1 + k = g · sinθ · t² / (2s)
```

निवेदन:
s म्हणजे फळीवर कापलेलं अंतर, t त्याला लागलेला वेळ, θ उताराचा कोन, g गुरुत्व त्वरण. सूत्र सोपं दिसतं, पण डावीकडे नीट पाहा. प्रयोगातून थेट मिळतो तो एक अधिक k. चकतीसाठी तो दीड. त्यातून एक वजा केला की उरतो अर्धा. चूक मात्र वजा होत नाही, ती आहे तेवढीच राहते. दीडमध्ये दोन टक्के चूक म्हणजे ०.०३, आणि तेच ०.०३ अर्ध्याच्या तुलनेत सहा टक्के. चकतीच्या k मध्ये प्रत्येक चूक तीन पट होऊन येते, रिंगच्या k मध्ये साधारण दुप्पट. त्यात t चा वर्ग आहे, म्हणजे वेळेतली चूक आधीच दुप्पट झालेली असते. चकतीच्या बाबतीत वेळेतली एक टक्का चूक उत्तरात सहा टक्के होऊन बसते.

[दृश्य: फळीवर खडूने आखलेल्या रेषा. ३०, ६०, ९०, १२०, १५० सेंटिमीटर.]

निवेदन:
एक उदाहरण घेऊ. फळीवरच्या दीड मीटर अंतरात उंचीचा फरक १० सेंटिमीटर. म्हणजे sinθ ०.०६६७ आणि कोन चार अंशांहून थोडा कमी. महाराष्ट्रात g साधारण ९.७८ धरला, तर दीड मीटर घरंगळायला चकतीला २.६३ सेकंद लागायला हवेत.

आता हातातलं स्टॉपवॉच. पट्टी सरकलेली डोळ्यांना दिसते आणि अंगठा बटण दाबतो, यात सुमारे ०.२ सेकंद जातात. शेवटच्या रेषेपाशी मात्र चकती येताना आधीपासून दिसत असते, म्हणून अंगठा तयारीत राहतो आणि बटण बरोबर वेळेवर दाबलं जातं. घड्याळ सुरू झालं उशिरा, बंद झालं वेळेवर. नोंद होते २.४३ सेकंद. सूत्रात घातलं की k येतो ०.२८. अर्ध्याच्या जागी पावाच्या आसपास! अशा वेळी वहीत ‘घर्षणामुळे त्रुटी’ असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण लोळणातला विरोध असो की हवेचा, दोन्ही वेळ वाढवतात, म्हणजे k वाढवतात. इथे k कमी आला आहे. चुकीची दिशाच सांगते की दोष घर्षणाचा नाही.

मग दहा वेळा मोजून सरासरी काढली तर? सरासरीने विखुरलेपण कमी होतं. एका नोंदीत ०.१ सेकंदाची वरखाली असेल, तर दहांच्या सरासरीत ती ०.०३ वर येते. पण दहाही वेळा घड्याळ ०.२ सेकंद उशिरा सुरू होत असेल, तर सरासरीही तेवढीच उशिराची. ही एकाच बाजूला ओढणारी चूक आहे. ती पुनरावृत्तीने जात नाही, तिला वेगळ्या मार्गाने पकडावं लागतं.

[दृश्य: आलेखाचा कागद. आडव्या अक्षावर अंतराचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर वेळ. पाच ठिपके एकेक करून उमटतात.]

निवेदन:
तो मार्ग असा. एकाच अंतरावर वेळ न मोजता पाचही रेषांपर्यंतचे वेळ मोजायचे. स्थिर अवस्थेतून सुटलेल्या चकतीचा वेळ अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेळ आणि √s यांचा आलेख सरळ रेषा येतो. घड्याळ प्रत्येक वेळी ०.२ सेकंद उशिरा सुरू झालं, तर पाचही ठिपके सारखेच खाली सरकतात. रेषा खाली जाते, तिचा चढ बदलत नाही.

आपल्या उदाहरणात ३० सेंटिमीटरसाठी नोंद होईल ०.९८ सेकंद आणि १५० सेंटिमीटरसाठी २.४३. नुसत्या पहिल्या नोंदीवरून k येतो ०.०४, अगदीच हास्यास्पद. दोन्हींमधला फरक १.४५ सेकंद, वर्गमुळांमधला फरक ०.६७७. भागाकार २.१४. या चढाचा वर्ग करून g sinθ ने गुणा, दोनने भागा: १.५० च्या जवळ. k पुन्हा अर्ध्यावर आला. आणि रेषा वेळेच्या अक्षाला शून्याखाली ०.२ वर छेदते, म्हणजे अंगठ्याचा उशीर किती होता हेही आलेखानेच सांगितलं.

अट एवढीच की सवय पाचही अंतरांना सारखी हवी. सगळ्या नोंदी एकाच व्यक्तीने घ्याव्यात. सुरुवातीच्या नोंदी एकाने आणि शेवटच्या दुसऱ्याने घेतल्या, तर दोघांच्या उशिरातला फरक थेट चढात शिरतो.

[दृश्य: तिवईवर मोबाइल, फळीपासून दोन-तीन मीटर दूर, फळीच्या मध्याच्या उंचीला.]

निवेदन:
मोबाइलवर चित्रण केलं तर एकाच फेरीत पाचही वेळ मिळतात. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे दोन चौकटींत ०.०३३ सेकंद. विखुरलेपण ०.०१ सेकंदाच्या आसपास उतरतं आणि आलेखाचा चढ एका टक्क्यापर्यंत मिळतो. स्टॉपवॉचच्या दहा-दहा नोंदी घेऊनही तो अडीच टक्क्यांच्या आत यायला कठीण.

पण चित्रणातही एक जागा फसवी आहे: सुरुवात. चकती नेमकी कोणत्या चौकटीत हलली? पहिला एक मिलिमीटर सरकायलाच तिला जवळजवळ ०.०७ सेकंद लागतात आणि एवढी हालचाल पडद्यावर दिसतही नाही. सेकंदाला २४० चौकटींचं मंदगती चित्रण घेतलं तरी हा घोळ मिटत नाही, कारण अडचण कॅमेऱ्याच्या वेगाची नसून चकतीच्या संथ सुरुवातीची आहे. म्हणून पट्टी हललेली चौकट शून्य धरायची आणि उरलेला फरक आलेखाच्या छेदावर सोडायचा.

पट्टी काढायची तीही उताराच्या दिशेने, झटकन, चकतीपेक्षा वेगाने. वर उचलली तर ती चकतीच्या कडेला घासत जाते आणि तिला उलटी फिरकी देते. बोटाने धरून सोडलं तर नकळत धक्का बसतो, आणि सुरुवातीचा वेग शून्य नसेल तर आलेख सरळ येतच नाही, लहान अंतरांकडे वाकतो.

अंतर मोजताना चकती फळीला जिथे टेकते तो बिंदू धरा, सुरुवातीलाही आणि प्रत्येक रेषेपाशीही. सुरुवात टेकण्याच्या बिंदूपासून आणि शेवट पुढच्या कडेवरून धरला, तर एका त्रिज्येचा, म्हणजे इथे ५ सेंटिमीटरचा घोळ होतो. ही चूक आलेखाच्या छेदात जात नाही.

[दृश्य: फळीच्या कडेला कोनमापक. त्यावरची दोरी ३ आणि ४ अंशांच्या मध्ये डुलते.]

निवेदन:
आता कोन. कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे वाचला जाणं अगदी साधी गोष्ट. पण ३.८ अंशांत अर्धा अंश म्हणजे १३ टक्के, आणि चकतीच्या k मध्ये तीन पट होऊन जवळपास ४० टक्के. एवढ्या लहान उतारावर कोनमापक बाजूला ठेवलेलाच बरा. उंचीचा फरक मिलिमीटरपट्टीने मोजा. १०० मिलिमीटरमध्ये एक मिलिमीटर चुकलं तरी एकच टक्का.

[दृश्य: पारदर्शक नळीत रंगीत पाणी. नळीची दोन टोकं फळीच्या दोन खुणांपाशी.]

निवेदन:
उंची टेबलापासून मोजली तर टेबल सपाट आहे असं आपण गृहीत धरतो. दीड मीटरमध्ये टेबल तीन मिलिमीटर कललेलं असेल, तर उतार तीन टक्क्यांनी आणि चकतीचा k नऊ टक्क्यांनी चुकतो. यावर गवंड्याची युक्ती चांगली: पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका आणि दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीपासून फळीवरच्या खुणांचं अंतर मोजा. पाण्याला टेबलाच्या कलाशी देणंघेणं नसतं. नळी नसेल तर फळी टेबलावर उलट दिशेला फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्ही त्वरणांची सरासरी घ्या. एकदा अधिक तीन, एकदा उणे तीन, कल निघून जातो.

आडवा कलही पाहून घ्या, तिथे साधी पाणसळ पुरते. फळी एका बाजूला झुकली असेल तर चकती तिरकी जाते. तशी फेरी सरळ रद्द करायची. आणि मधोमध एक ठोकळा हवा, नाहीतर प्लाय वाकते आणि उतार वरच्या भागात जास्त, खालच्या भागात कमी होतो.

मग उतार जास्तच का घेत नाही? वेळ कमी होतो आणि वेळेतली चूक वाढते. शिवाय फार चढ झाला तर वस्तू घरंगळायची सोडून घसरायला लागते. आधी रिंग घसरते, कारण उताराचा टॅन्जंट घर्षणांकाच्या दुपटीपुढे गेला की तिचा ताबा सुटतो. चकतीला तिप्पट मुभा आहे. तपासायला कडेवर खडूचा जाड ठिपका द्या. १० सेंटिमीटर व्यासाची वस्तू फळीवर दर ३१.४ सेंटिमीटरला ठसा उमटवते. ठसे याहून लांब पडले तर ती घसरते आहे. आपल्या १० सेंटिमीटर उंचीला ही भीती नाही.

[दृश्य: व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात रिंग. आधी बाहेरचा व्यास, मग आतला.]

निवेदन:
कोनावर अजिबातच भरवसा नसेल, तर एक वाट उरते. त्याच फळीवर, उंचीला हात न लावता रिंग आणि चकती दोन्ही सोडा आणि आलेखांच्या चढांचं गुणोत्तर काढून वर्ग करा. g, कोन, टेबलाचा कल, सगळं छेदून जातं. पातळ रिंगसाठी उत्तर १.३३ यायला हवं. आपल्याला येतं १.२६.

प्रयोग चुकला असं वाटेल, पण चुकली आहे ती ‘पातळ’ रिंग. कॅलिपर सांगतं, बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, आतला ८८. आतल्या-बाहेरच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग ०.७७४, त्यात एक मिळवून निम्मं केलं की k येतो ०.८९. एक अधिक ०.८९ ला दीडने भागा: १.२६.

[पडद्यावर वहीचं पान, दोन ओळी.]

```
चकती   k = 0.50 ± 0.03
रिंग    k = 0.89 ± 0.04
```

निवेदन:
चढात एक टक्का आणि उंचीत एक टक्का धरून आलेल्या या मर्यादा. रिंगची वरची मर्यादा ०.९३, आणि पाठ्यपुस्तकातला १ तिच्या बाहेर राहतो. म्हणजे सहा मिलिमीटर जाडीची भिंत या फळीवर नुसत्या वेळेवरून दिसली. कोनमापक वापरला असता तर रिंगपुढचा ± ०.२५ झाला असता, आणि ०.८९ काय नि १ काय, दोन्ही त्यात मावले असते.