वारा पडला की उडी मोठी होते

मंडळी, आजचा विषय परिषदेनंतर लिहायच्या पत्राचा आहे. पत्र कसं लिहावं हे मी सांगणार आहेच, पण आधी एक प्रसंग सांगतो. त्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

एका परिषदेत पोस्टरजवळ एक संशोधक बाई भेटल्या. त्यांनी बऱ्याच ठिकाणी हवेचं तापमान मोजणारे सेन्सर लावले होते. त्यांची तक्रार अशी, की दुपारी नोंद अचानक तीन-चार अंशांनी वर जाते. आम्ही दहा मिनिटं बोललो. निघता निघता त्या म्हणाल्या, "आणि गंमत म्हणजे, वारा पडला की उडी मोठी होते." तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आपापल्या सभागृहात गेलो.

घरी आल्यावर मी जमवलेली सगळी कार्डं समोर ठेवली आणि सगळ्यांना एकच मजकूर पाठवला: "आपल्याशी बोलून आनंद झाला. भविष्यात एकत्र काम करण्याच्या संधी शोधूया." बाईंचं उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य पाठवलंय? हात वर नका करू, चेहऱ्यांवरून कळतंय! उत्तर येणार तरी कसं? त्या पत्रात विचारलेलंच काही नव्हतं. नाव बदललं की ते कोणालाही चाललं असतं. पत्र पाठवण्याआधी मी आता हीच परीक्षा घेतो.

तीन आठवड्यांनी कार्ड पुन्हा हाती आलं. मागे मी पेन्सिलीने दोनच शब्द खरडले होते, "वारा, उडी". ते शब्द नसते तर आज हे व्याख्यानही नसतं. म्हणून सांगतो, माणूस दूर गेल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहून ठेवा, आणि आपण काय बोललो ते नको, समोरचा काय बोलला ते लिहा. संध्याकाळपर्यंत पाच जणांची बोलणी एकमेकांत मिसळतात, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या पत्रात गेलं तर फार वाईट दिसतं.

ते दोन शब्द वाचून मला उलगडलं. ऊन सेन्सरच्या डब्यावर पडत असणार. वारा असला की डबा थंड राहतो, वारा पडला की तापतो, आणि सेन्सर हवेऐवजी डब्याचं तापमान सांगतो. मग मी दुसरं पत्र लिहिलं. ते वाचून दाखवतो.

"विषय: दुपारची उडी – दोन सेन्सर शेजारी ठेवून पाहूया का?

नमस्कार. पोस्टरजवळ आपण म्हणालात की वारा पडला की उडी मोठी होते. त्यावरून मला डब्यावर पडणाऱ्या उन्हाचा संशय येतो. आपला सेन्सर आहे तिथेच राहू द्या. तसाच दुसरा घ्या, एक रात्र तो पहिल्याला अगदी लागून ठेवून दोन्ही सारखं दाखवतात का ते बघा. मग तो पहिल्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या हवेशीर आवरणात लावा. सात दिवस नोंदी घ्या. ढगाळ किंवा वाऱ्याच्या वेळी दोन्ही जुळले आणि निरभ्र, शांत दुपारी फाकले, तर दोष उन्हाचा. आवरणाचं रेखाचित्र सोबत आहे. आकडे पाहायला २० मिनिटं बोलू: मंगळवारी १४ तारखेला सकाळी ११ वाजता, किंवा गुरुवारी १६ तारखेला दुपारी ४ वाजता, आपल्याकडच्या वेळेनुसार. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: "गुरुवार." आणि गुरुवारी आलेखावर दोन्ही रेघा दुपारीच फाकलेल्या होत्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा ज्याचं आश्वासन दिलं होतं ते आता भरभर सांगतो.

पत्र तीन आठवड्यांनी नको, दोन दिवसांत लिहा. माझं उशिरा लिहिलेलं चाललं, कारण त्यांची अडचण तशीच होती. पहिल्या ओळीत समोरच्याचं एक वाक्य शक्यतो त्याच्याच शब्दांत घाला. पुढचं पाऊल एकच ठेवा, आणि ते इतकं लहान असू द्या की कोणाची परवानगी न काढता उचलता येईल. "संयुक्त प्रकल्प करूया" म्हटलं की समोरच्याला आधी वरिष्ठांना विचारावं लागतं आणि पत्र तिथेच पडून राहतं. तारखा दोन द्या. "सवडीने कळवा" म्हटलं की सगळं ठरवायचं ओझं त्याच्यावर पडतं. देऊ म्हटलेली वस्तू त्याच पत्रासोबत जोडा.

एक गोष्ट मात्र टाळाच. बाई त्या दिवशी निधीबद्दलही मोकळेपणाने बोलल्या होत्या. ते मी लिहिलं नाही. तोंडी सांगितलेलं खासगी बोलणं लेखी उतरलं, आणि पत्र पुढे कोणाला पाठवलं गेलं, की ज्याने विश्वासाने सांगितलं तोच अडचणीत येतो.

उत्तर आलं नाही, तर आठवड्याने त्याच पत्राच्या धाग्यात दोन ओळींची एक आठवण करा, नव्या तारखा घालून. त्यानंतर थांबा.