मोठा W आणि छोटा w

(नोट्समध्ये काय कुठून घेतलं ते लिहिण्यावर प्राध्यापकांसाठी घेतलेल्या एका सत्रातलं बोलणं, थोडं नीट करून)

हा कागद मी मुद्दाम बरोबर आणलाय. सिव्हिलच्या सेकंड इयरचं हँडआउट, बीमचं डिफ्लेक्शन, एकच कागद पाठपोट. मागच्या रांगेला दिसणार नाही म्हणून वाचून दाखवतो. दोन्ही टोकांना टेकलेला साधा बीम, पूर्ण लांबीवर सारखा भार, मधलं डिफ्लेक्शन म्हणून सूत्र दिलंय 5WL⁴/384EI, आणि खाली बारीक अक्षरात, W म्हणजे बीमवरचा एकूण भार.

आता स्ट्रेंथ शिकवणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. L चा चौथा घात येतो तो छोटा w असेल तेव्हा, म्हणजे दर मीटरला किती भार ते. मोठा W म्हणजे सगळा भार एकत्र घेतला की घात तिसरा होतो, 5WL³/384EI. काही पुस्तकं असं लिहितात काही तसं, दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाचा भार आणि दुसऱ्याचा घात असं करता येत नाही. समजा 4 मीटरचा बीम, मीटरला 10 किलोन्यूटन, म्हणजे एकूण 40. नीट केलं तर येतं 33.3/EI, या कागदाने केलं तर 133.3/EI. चौपट, कारण बीम 4 मीटरचा आहे, 6 मीटरचा असता तर सहापट. युनिट तपासले तर एक मीटर उरतो आणि चूक लगेच पकडता येते, पण छापील कागद हातात आल्यावर युनिट कोण तपासतं हो, पोरं तर नाहीच, आपणही नाही.

हा कागद 2019 ला माझा भाचा घेऊन आला, त्याचं कॉलेज वेगळं, नाव घेत नाही. वर हेडरमध्ये तिथल्या सरांचं नाव. पण आकृती बघितली आणि मला खटकलं, कारण टेकूचा त्रिकोण मी जरा तिरका काढतो, वाईट सवय आहे, आणि इथेही तो तिरकाच. भाच्याकडे वर्डची फाइल होती, प्रॉपर्टीज उघडल्या, ऑथरसमोर माझं नाव. चिडलो, खोटं कशाला बोलू. मग घरी जाऊन माझी 2011 ची मूळ फाइल काढली, म्हटलं आता चूक कोणी घुसवली ते बघू, तर ती चूक माझीच होती. सूत्राची मांडणी मी एका पुस्तकातून उतरवलेली, तिथे छोटा w. शेवटचा तक्ता दुसऱ्या पुस्तकातून, तिथे मोठा W. आणि दोन्हीपैकी एकाही पुस्तकाचं नाव मी खाली टाकलेलं नव्हतं. दुसऱ्यावर ओरडायला निघालेला माणूस मुकाट बसला.

त्या सरांना फोन केला. ते बिचारे ओशाळले, म्हणाले सर मला तर या नोट्स आमच्या आधीच्या मॅडमकडून पेनड्राइव्हवर आल्या, त्यांना कोणाकडून आल्या माहीत नाही. म्हणजे आठ वर्षं ती चूक फिरत होती, मधे कोणाला तरी दिसलीही असेल, पण कळवणार कोणाला? वर माझं नाव नाही, म्हणून मला कळत नाही. खाली पुस्तकांची नावं नाहीत, म्हणून पुस्तक उघडून ताडून बघता येत नाही.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणणार, कायद्याने शिक्षकाला मुभा आहे. आहे ना. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(i) आहे, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल उल्लंघन धरत नाहीत. त्यावरच दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाची केस झाली, मोठ्या परदेशी प्रकाशकांनी 2012 ला दावा लावला, 2016 ला दिल्ली हायकोर्टाने अभ्यासक्रमाला लागतील तेवढ्या पानांचे संच करणं या कलमात बसतं असं म्हटलं, आणि 2017 ला प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण तिथला वाद नक्कल करण्याचा होता, नाव पुसण्याचा नव्हता. नावाचं कलम वेगळं आहे, 57. कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी हे मी लिहिलंय म्हणण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. त्यामुळे नोट्स कॉलेजच्या मालकीच्या की सरांच्या, हा वाद तुम्ही खुशाल घाला, नाव ज्याने लिहिल्या त्याचंच येणार. (आणि त्याच नोट्स छापून विकायला काढल्या तर ही शिकवण्याची मुभा तुमच्या मागे येईल असं धरून चालू नका.)

गंमत म्हणजे झेरॉक्सच्या काळात हा प्रश्न अर्धा आपोआप सुटायचा. पुस्तकाचं पान तसंच यायचं, वर प्रकरणाचं नाव, कोपऱ्यात पान नंबर, कधी लायब्ररीचा शिक्कासुद्धा. आपण टाइप करायला लागलो आणि हे सगळं गळून पडलं.

मग लिहायचं काय. सूत्राला कोणाचं नाव लागत नाही, हूकचा नियम कुठून घेतला ते कोणी विचारत नाही. यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम मुख्यतः प्रबंध आणि पेपरसाठी आहेत, पण तेही स्टँडर्ड समीकरणं मोजणीतून वगळतात. परिच्छेद जसाच्या तसा उतरवला असेल तर मात्र अवतरणात टाका आणि तिथेच खाली लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान. आवृत्ती विसरू नका, नवीन आवृत्तीत पानं सरकतात आणि पोरगं 212 नंबरचं पान उघडून भलतंच वाचत बसतं. शेवटी नुसती 'संदर्भ पुस्तकं' म्हणून चार नावं टाकण्याने काही होत नाही, कुठली ओळ कोणाची ते त्यातून कळत नाही. गणितातले आकडे बदलले म्हणून गणित आपलं होत नाही, 'अमुक पुस्तकातल्या उदाहरण 7.3 वरून, आकडे बदलून' एवढं लिहा. आकृती परत काढली तरी तसंच, आणि चिन्हं बदलली असतील तर तेही सांगा, माझी बोंब तिथेच झाली.

सहकाऱ्याच्या नोट्स असतील तर आधी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पुरते. मग नाव, वर्ष, आणि आपण काय बदललं ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर तुमची चूक त्यांच्या नावावर जमा होते. आणि त्यांनीच एखादा उतारा पुस्तकातून घेतलेला दिसला तर लायब्ररीत जाऊन मूळ पान बघा. नाहीच मिळालं तर 'अमुक पुस्तक, तमुक सरांच्या नोट्समधून' असं खरं ते लिहा, न उघडलेल्या पुस्तकाचा पान नंबर देऊ नका.

माझ्या कागदाच्या तळाला आता असं आहे: 'मांडणी व तक्ता वेगवेगळ्या पुस्तकांतून, नावं त्या त्या जागी. सगळीकडे w = दर मीटरचा भार. 2011 च्या प्रतीत पान 2 वरचं सूत्र चुकलं होतं, ती प्रत वापरू नये. चूक दिसल्यास कळवा.' खाली माझं नाव आणि मेल. गेल्या वर्षी एका अनोळखी पोराचा मेल आला, पान 1 वर उजव्या टोकाला रोलर हवा, तिथे हिंज काढलाय म्हणून. त्याचं बरोबर होतं. दुरुस्त केलेल्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्यात, जाताना घेऊन जा.