बाँड, रोस्टर आणि एअरपोर्टची नोकरी: सही करायच्या आधी

जुलै २०२४, मुंबई, कलिना. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या भरतीला एवढी पोरं आली की गेटवर धक्काबुक्की झाली, व्हिडिओ तुम्ही पण पाहिला असेल. जागा होत्या साधारण २२००, त्यातल्या बऱ्याचशा हँडीमनच्या, म्हणजे बॅगा चढवायच्या-उतरवायच्या. आणि नोकरी कायमची नाही, तीन वर्षांच्या करारावर.

एअरपोर्टवर युनिफॉर्ममध्ये दिसणारा प्रत्येक जण एअरलाइनचा नसतो हे आधी लक्षात घ्या. चेक-इन काउंटर, रॅम्प म्हणजे विमान उभं असतं ती जागा, बॅगेज, यातलं बरंचसं काम ग्राउंड हँडलिंग कंपन्या करतात, म्हणून ऑफर लेटरवर एम्प्लॉयर म्हणून कोणाचं नाव आहे ते पहिलं बघायचं, कारण प्रमोशन, पीएफ, करार वाढणार की नाही हे सगळं त्या नावावर ठरतं, छातीवरच्या लोगोवर नाही.

आता केबिन क्रू. इथे जास्त अडकतात ते बाँडमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरायचे असं लिहून देण्यात. एअरलाइन निवड झाल्यावर स्वतःच ट्रेनिंग देते, आग लागली तर काय, विमान पाण्यावर उतरलं तर काय, फर्स्ट एड, सिक्युरिटी, हे सगळं, आणि ते करून पास झाल्याशिवाय फ्लाइटवर घेत नाही. बाहेरच्या अकॅडमीत लाख-दीड लाख भरून कोर्स केला तरी हे ट्रेनिंग टळत नाही, म्हणून मला त्या फी भरणाऱ्या आईवडिलांची खरंच काळजी वाटते.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजायला घेतलेत. बाँड दीड लाखाचा, १८ महिन्यांचा. मुलगी १२ महिन्यांनी सोडते. कागदावर रक्कम महिन्यागणिक कमी होते असं लिहिलं असेल तर उरलेल्या सहा महिन्यांचे ५० हजार. तसं लिहिलं नसेल तर कंपनी पूर्ण दीड लाख मागणार. शिवाय ते १८ महिने कधीपासून मोजायचे, जॉइनिंगपासून की ट्रेनिंग संपल्यापासून? ट्रेनिंग तीन महिन्यांचं असेल तर दुसऱ्या हिशोबात बाँड २१ महिन्यांवर जातो, आणि त्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा फक्त स्टायपेंड. ट्रेनिंगमध्ये नापास झाली, मेडिकल अनफिट झाली, कंपनीनेच काढलं, तर पैसे कोणी भरायचे हे पण लेखी हवं. जामीन म्हणून वडिलांची सही असते, त्यांनी पण ते पान वाचलं पाहिजे. आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायला द्यायची नाही, झेरॉक्स द्या.

बाँड कोर्टात टिकत नाही असं गावभर सांगतात. तसं नाहीये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम मान्य केली. केस सरकारी बँकेची होती, एअरलाइनची नाही, पण बाँड म्हणजे नुसता कागद असं समजून सही करू नका. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७४ कंपनीला वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली पूर्ण रक्कम आपोआप मिळेल असं नाही, पण ते वाजवी किती यावर भांडायला वकील लागतो, वेळ लागतो.

मग रोस्टर, म्हणजे महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक. क्रूचा पगार दोन भागात असतो, फिक्स आणि फ्लाइंग अवर्सचा. तास मोजतात ते साधारणपणे विमान पार्किंगमधून हललं तिथपासून परत थांबेपर्यंत. मुंबई-नागपूर दीड तास धरला तर चार सेक्टरचे, म्हणजे चार फेऱ्यांचे, सहा तास, पण घरून निघणं, रिपोर्टिंग, दोन फ्लाइटच्या मधला टर्नअराउंड धरून दिवस गेला दहा-अकरा तासांचा. समजा तासाला ३०० रुपये, तर ७० तासांच्या महिन्यात २१ हजार आणि ४० तासांच्या महिन्यात १२ हजार. इंटरव्ह्यूत सांगतात तो आकडा बहुतेक भरलेल्या महिन्याचा असतो, म्हणून विचारायचं, गॅरंटीड तास किती, स्टँडबायचे, म्हणजे बोलावलं तर जायच्या तयारीत थांबायचे, पैसे मिळतात का. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता फिक्सवर बसतो का बघा, बाकीचं वर.

क्रूमध्ये पुढची पायरी म्हणजे केबिन इन-चार्ज, मग इन्स्ट्रक्टर. १८० सीटच्या विमानात क्रू चार आणि त्यात इन-चार्ज एकच, त्यामुळे जागा तेव्हाच होतात जेव्हा एअरलाइन नवीन विमानं आणते किंवा वरचे सोडून जातात.

रॅम्पवर मात्र प्रमोशनची शिडी जास्त स्पष्ट आहे, आणि त्यातली मधली पायरी म्हणजे हेवी व्हेइकल लायसन्स. दहावी पास हँडीमन, दहावी अधिक हेवी लायसन्स असेल तर युटिलिटी एजंट कम रॅम्प ड्रायव्हर, आयटीआय किंवा डिप्लोमा आणि तेच लायसन्स असेल तर रॅम्प सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह. हे लायसन्स भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून मिळत नाही, कारण त्याआधी कारचं लायसन्स एक वर्ष जुनं लागतं आणि वय २० पूर्ण लागतं. म्हणजे आयटीआयला असतानाच, अठरा झाल्या झाल्या, आरटीओत कारचं लायसन्स काढून ठेवायचं.